भूमितीच्या पेपरची सकाळ: कंपास, पहिली सात मिनिटं आणि प्रश्नांचा क्रम

"मॅडम, मी दहावीत आहे, मानेवाड्याला राहते. भूमितीच्या तीन सराव पेपरांत मला 40 पैकी 28, 31 आणि 27 मिळाले. घरी बसून सोडवलं की बहुतेक सगळं येतं. पेपरात मात्र कधी कंपास सरकतो, कधी वाचण्यातच घोळ होतो, आणि तिसऱ्या पेपरात मी आधी रचना काढायला घेतली तर पुढचं राहूनच गेलं. आमच्या सरांनी सांगितलं म्हणून प्रत्येक प्रश्नासमोर समासात वेळ लिहिली आहे. तिन्ही पेपरांचे फोटो पाठवते. परीक्षेच्या दिवशी सकाळी समोर ठेवायला एक यादी करून द्याल का? काय न्यायचं, पेपर कसा वाचायचा, कोणता प्रश्न आधी घ्यायचा?"
– दहावीची एक विद्यार्थिनी, मानेवाडा, नागपूर

बेटा, आधी तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. समासातल्या त्या वेळा नसत्या तर मला नुसते गुण दिसले असते, कारणं दिसली नसती.

तिन्ही पेपर मिळून तुझे 34 गुण गेलेत. मी एकेक गुण कशाने गेला ते पाहत चार ढीग केले. न आल्यामुळे गेलेले 11. वेळ संपल्यामुळे प्रश्नाला हातच न लावल्याने गेलेले 12. वाचण्यातल्या चुकीने गेलेले 6. आणि रचनेत, म्हणजे कंपास, पट्टी, खोडरबर आणि कागदावरची जागा यांच्या भानगडीत गेलेले 5. पहिल्या ढिगाचं काम अभ्यासाच्या टेबलावर होईल, परीक्षेच्या सकाळी त्याचं काही करता येत नाही. उरलेल्या 23 गुणांसाठी यादी करू. ज्या ओळीमागे तुझा एखादा गेलेला गुण नाही, ती ओळ यादीत नको. इंटरनेटवर फिरणाऱ्या तीस-तीस मुद्द्यांच्या याद्या सकाळी कोणी वाचत नाही, आणि त्यातल्या निम्म्या ओळी दुसऱ्याच कोणाच्या चुकांवरच्या असतात.

पेटीपासून सुरू करते. पहिल्या पेपरात तुझं वर्तुळ सुरू झालं तिथे येऊन मिळालंच नाही, शेवटी दोन रेघा दिसतात. कंपासची पेन्सिल सैल असली की हेच होतं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी 3.4 सेमी त्रिज्या घे आणि एकाच वर्तुळावरून दोनदा फिरव. दुसरी फेरी पहिलीवर बसली तर कंपास ठीक. रेघ दुहेरी झाली तर पेन्सिल धरणारा स्क्रू आवळायचा. मग कंपास तसाच उघडा ठेवून हलकेच झटक आणि पट्टीवर पुन्हा मोज. 3.4 चे 3.6 झाले असतील तर वरचा सांधा सैल आहे, तो छोट्या पेचकसाने घट्ट कर. त्यात घालायची पेन्सिल आखूड हवी, बोटाएवढी. लांब पेन्सिल फिरवताना हाताला लागते आणि तिथेच कंपास निसटतो. मिटल्यावर सुईचं टोक आणि पेन्सिलचं टोक एका पातळीत आलं पाहिजे. पेन्सिल वर राहिली तर छोटे कंस नीट निघत नाहीत, आणि भूमितीत कामाचे असतात ते छोटे कंसच.

हे सगळं जुन्या, हाताच्या सवयीच्या कंपासनेच कर. आदल्या दिवशी बर्डीवर जाऊन नवी कोरी कंपासपेटी आणायची हौस बऱ्याच घरांत असते. नवा कंपास कडक असतो, उघडताना ठरलेल्या मापाच्या पुढे जातो. आणायचाच असेल तर आजच आण आणि उरलेले सगळे सराव त्यानेच कर.

पेटीत कंपास, त्यातल्या पेन्सिलशिवाय रेघांसाठी टोक काढलेल्या दोन पेन्सिली, 15 सेमीची पट्टी, कोनमापक, गुण्या, शार्पनर, खोडरबर. पट्टीचं शून्याकडचं टोक झिजलं असेल तर 1 पासून मोजायची सवय लाव किंवा पट्टीच बदल. पेनं एकाच शाईची दोन, तीही चाललेली. नवं पेन कोरं नेऊ नकोस. याशिवाय हॉल तिकीट, पाण्याची पारदर्शक बाटली आणि काट्यांचं साधं घड्याळ. स्मार्ट घड्याळ दारातच काढून ठेवायला लावतात, आणि मग तू दोन तास भिंतीवरच्या घड्याळाच्या भरवशावर. ते चालू असेलच असं नाही.

एक गोष्ट खास आपल्या नागपूरची. मार्च लागला की अकरा ते एकच्या वेळात वर्गात पंखा असूनही तळहात घामेजतात. तुझ्या दुसऱ्या पेपरातली रचना पाहिली, कंसांवर राखाडी डाग आहे. हात ठेवल्याने पेन्सिल पुसली गेलीय. आकृती काढताना हाताखाली घडी केलेला रुमाल ठेव. सुती, पातळ. ही ओळ यादीत लिही.

याच पेपरात तू आणखी एक केलंस. आकृती सुबक दिसावी म्हणून दुभागणारे कंस खोडून टाकलेस. भूमितीच्या प्रश्नपत्रिकेवर सुरुवातीलाच सूचना असते की रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात, त्या पुसू नयेत. परीक्षक खुणा पाहूनच ठरवतो की तू रचना केलीस की पट्टीने मोजून रेघ ओढलीस. म्हणून रचनेचा प्रश्न सुरू झाला की खोडरबर पेटीत बंद. बाकावर समोर असला की हात जातोच.

आता वाचनाबद्दल. पूर्वी बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात पडायची आणि ती मिनिटं फक्त वाचण्याची असायची, कारण लिहायला परवानगीच नसायची. 2023 पासून ते बंद झालं. प्रश्नपत्रिका वेळेवरच मिळते आणि ती दहा मिनिटं शेवटी जोडली आहेत, म्हणजे दोन तासांचा पेपर अकरा ते एक वाजून दहा. तुझ्या हॉल तिकिटावरची वेळ एकदा वाचून घे, आणि हॉलमध्ये साडेदहाला असायचं हे घरच्यांनाही सांगून ठेव. या बदलाचा परिणाम असा झाला की वाचायला आता कोणी भाग पाडत नाही. अकरा वाजता शेजारची मुलगी खाली मान घालून लिहायला लागते आणि आपणही लागतो. तुझ्या तिन्ही पेपरांत पहिल्या उत्तरासमोर वेळ आहे 11:01. वाचनासाठीची मिनिटं शेवटी सरकली आहेत, तेव्हा ती तूच उचलून सुरुवातीला आणायची. सात मिनिटं पुरतात.

सात मिनिटांत सगळा पेपर वाचायचा नाही. पहिल्या प्रश्नातले आठच्या आठ उपप्रश्न सोडवायचेच आहेत, ते आधी वाचून काय मिळणार? वाचायचं तिथे, जिथे निवड आहे. भूमितीच्या पेपरात दुसऱ्या प्रश्नाच्या 'अ' भागात तीनपैकी दोन, 'ब' मध्ये पाचपैकी चार, तिसऱ्याच्या 'अ' मध्ये दोनपैकी एक, 'ब' मध्ये चारपैकी दोन, चौथ्यात तीनपैकी दोन आणि पाचव्यात दोनपैकी एक. म्हणजे 19 पैकी 12 सोडवायचे आणि 7 सोडायचे. कोणते 7 सोडायचे एवढंच या वेळात ठरवायचं.

मागून वाचत ये: पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा. जास्त गुणांचे प्रश्न मागे आहेत, आणि ताज्या डोक्याने ते वाचलेले बरे. निवडताना प्रश्न सोपा दिसतो का हे पाहू नकोस. त्याची पहिली ओळ सुचते का ते पाहा. "समजा बिंदू P चे निर्देशांक" किंवा "त्रिकोण ABC मध्ये कोन B काटकोन" अशी पहिली पायरी डोळ्यासमोर आली तर तो घ्यायचा. दिसायला छोटा आहे पण सुरुवात कुठून करायची कळत नाही, तो सोडायचा. तिसऱ्यात एखाद्या प्रमेयाची सिद्धता विचारली असेल आणि ती तुझी पाठ असेल तर ती घेच, विचार करायला वेळ लागत नाही. फक्त आकृती काढायची. सिद्धतेसाठी आकृती आवश्यक आहे असं प्रश्नपत्रिकेवरच छापलेलं असतं.

प्रश्नपत्रिकेवर आसन क्रमांकाशिवाय काही लिहू नकोस, टिकसुद्धा नको. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर 'कच्चे काम' लिही आणि खाली पेन्सिलीने ठरवलेले क्रमांक उतरव: 2 ब मधला तिसरा सोडला, 3 ब मध्ये पहिला आणि चौथा, चौथ्यात पहिला आणि तिसरा, पाचव्यात दुसरा. एवढं लिहायला अर्धं मिनिट. नाहीतर पाऊण तासाने पुन्हा तेच चार प्रश्न वाचत बसशील. दुसऱ्या सराव पेपरात 'ब' भागातले पाचही सोडवलेस, पाचव्याची आठ मिनिटं लागली. त्या भागाला आठच्या वर गुण नाहीत, आणि ती आठ मिनिटं पाचव्या प्रश्नाला मिळाली असती.

वाचनाच्या ढिगातल्या दोन चुका दाखवते, कारण त्या सात मिनिटांनी सुटणार नाहीत, प्रश्न सोडवतानाच पकडाव्या लागतील. शंकूचा प्रश्न: तळाचा व्यास 14 सेमी दिला होता, तू सूत्रात त्रिज्येच्या जागी 14 घातलेस. घनफळ चौपट आलं, कारण त्रिज्येचा वर्ग होतो. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, दोन गुण गेले. महत्त्वमापनाचा प्रश्न आला की पहिली ओळ कायम "त्रिज्या = ..." अशीच लिही. मग व्यास दिला असेल तर निम्मा करायची आठवण त्या ओळीलाच होते.

दुसरी चूक बहुपर्यायीतली. 6 सेमी आणि 4 सेमी त्रिज्यांची दोन वर्तुळं एकमेकांना स्पर्श करतात, केंद्रांतलं अंतर किती? तू 10 लिहिलंस. बाहेरून स्पर्श केला तर 6 + 4 = 10 बरोबर, पण प्रश्नात "बाहेरून" असा शब्द नव्हता. आतून स्पर्श केला तर 6 - 4 = 2. पर्यायांत "10 किंवा 2" होता. तुला ते नंतर कळलं, तू खोडून दुसरं अक्षर लिहिलंस. बोर्डाच्या पेपरात ते चालणार नाही. बहुपर्यायी प्रश्नाचं पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच तपासलं जातं. म्हणून या चार प्रश्नांत आधी कच्चं काम, मग चारही पर्याय वाचायचे, मग उपप्रश्नाच्या क्रमांकासमोर अक्षर. एकदाच.

आता क्रम. तुझ्या बारा गुणांचा ढीग इथला आहे. तिसऱ्या पेपरात तू चौथ्या प्रश्नातली रचना सगळ्यांत आधी घेतलीस, "चार गुण पक्के" म्हणून. समासात लिहिलंय 11:01 ते 11:27. चार गुणांना सव्वीस मिनिटं. शेवटी तिसऱ्या प्रश्नाच्या 'ब' चे 6 आणि पाचव्याचे 3 गुण तसेच राहिले. पहिल्या पेपरातही पाचवा प्रश्न वेळेअभावीच राहिला होता.

हिशेब सोपा आहे. एकूण 130 मिनिटं. त्यातली 7 वाचनाची, शेवटची 8 तपासायला ठेवली तर 115 उरतात. 40 गुणांना 115, म्हणजे गुणाला तीन मिनिटांपेक्षा थोडं कमी. चार गुणांच्या रचनेला फार तर 14 मिनिटं देता येतील, कारण पहिल्या प्रश्नातली आणि 'अ' भागांतली थोडी मिनिटं वाचतात.

रचना सव्वीस मिनिटं का चालली, तेही पाहिलं. त्रिकोण ABC आणि त्रिकोण LBN समरूप, BC = 6 सेमी, BC : BN = 3 : 5. दुसरा त्रिकोण मोठा आहे हे गुणोत्तरावरूनच कळतं. BN = 6 × 5 ÷ 3 = 10 सेमी. तू B हा बिंदू पानाच्या मधोमध घेतलास, BC काढलीस, आणि N कडे जाताना रेघ समासाबाहेर गेली. मग सगळं खोडून पुन्हा. रचना वाचली की आधी एक हिशेब: दुसरा त्रिकोण लहान की मोठा, आणि सर्वांत लांब बाजू किती सेमी. मग B बिंदू पानाच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाला. वर कंसांसाठी मोकळी जागा. कच्ची आकृती काढायला एक मिनिट जातं, पण तिच्यात मोठ्या त्रिकोणाची दिशा दिसते आणि नंतरची दहा मिनिटं वाचतात. कच्ची आकृती वगळू नकोस, परीक्षक तीही पाहतात.

तुझ्यासाठी मी क्रम असा ठेवेन. आधी पहिला प्रश्न पूर्ण. मग दुसऱ्याचा 'ब', मग दुसऱ्याचा 'अ'. 'अ' भागातल्या कृती 'पूर्ण करून लिहायच्या' असतात, नुसते चौकटीतले शब्द लिहून भागत नाही, त्यामुळे त्या दिसतात तेवढ्या झटपट होत नाहीत. त्यानंतर तिसऱ्याचा 'अ'. इथपर्यंत 23 गुणांचं काम होतं, हात मोकळा झालेला असतो आणि बाराच्या आसपास वाजलेले असतात. आता रचना. अगदी सुरुवातीला रचना घेतली तर हात थरथरतो आणि वेळेचं भान नसतं. शेवटी ठेवली तर घाईत कंपास निसटतो. तुझ्यासारख्या, रचना येते पण रेंगाळते अशा मुलींसाठी तिची जागा मधली. रचनेनंतर तिसऱ्याचा 'ब', मग चौथ्यातला दुसरा प्रश्न, आणि शेवटी पाचवा. पाचव्यात बहुतेकदा डोकं चालवावं लागतं आणि गुण तीनच, त्यामुळे तो सगळ्यांच्या मागे. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुली वेगळा क्रम सांगतील. त्यांच्या समासातल्या वेळा वेगळ्या आहेत.

उत्तरं कुठल्याही क्रमाने लिहिली तरी चालतात, फक्त प्रत्येक मुख्य प्रश्न नव्या पानावर सुरू कर आणि समासात प्रश्नाचा व उपप्रश्नाचा क्रमांक प्रश्नपत्रिकेवर आहे तसाच लिही.

घड्याळाचे चारच ठोके लक्षात ठेव. पहिला प्रश्न 11:20 ला संपला पाहिजे. दुसरा 11:55 ला. तिसऱ्याचा 'ब' 12:30 ला. पाचवा 12:55 ला. एखाद्या ठिकाणी पाच मिनिटांहून जास्त मागे असशील तर हातातलं उत्तर आहे तिथे थांबव, खाली अर्ध्या पानाची जागा सोड आणि पुढे जा. रचनेलाही हाच नियम, अगदी एकच कंस राहिला असला तरी. समोरच्या कोऱ्या प्रश्नाच्या पहिल्या दोन ओळींना मिळणारा गुण तुझ्या अडलेल्या उत्तराच्या शेवटच्या ओळीपेक्षा बहुतेक वेळा स्वस्तात मिळतो.

सकाळी घरून निघण्याबद्दल थोडंच. मानेवाड्याहून केंद्रावर जायला किती वेळ लागतो ते आधीच्या पेपरांनी कळलेलंच असेल, त्यात पंधरा मिनिटं घाल. पोट भरून पण साधं खा. तर्री पोहे पेपर झाल्यावर, भूमितीच्या पेपरात छातीत जळजळ नको. निघताना पेटी उघडून वस्तू बोटाने मोज, पेटी बंद कर आणि नंतर कोणाला काही द्यायला पुन्हा उघडू नकोस. जिन्यावर मैत्रिणीला दिलेला शार्पनर परत येत नाही.

ही यादी आता तुझ्या अक्षरात एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिही. माझी वाक्यं नकोत, तुला कळतील असे दोन-दोन शब्द: "स्क्रू", "रुमाल", "रबर पेटीत", "मागून वाच", "7 सोड", "त्रिज्या =", "अक्षर एकदाच", "B डावीकडे", आणि घड्याळाच्या त्या चार वेळा. हा कागद हॉलमध्ये न्यायचा नाही. घरी वाचायचा आणि घरीच ठेवायचा.

आणि परीक्षेआधी त्याची चाचणी घे. येत्या रविवारी, सकाळी अकराच्याच ठोक्याला, चौथा सराव पेपर सोडव. घरच्यांना सांग, एक वाजून दहापर्यंत हाक मारायची नाही. समासात वेळा पुन्हा लिही. नंतर गेलेल्या गुणांचे तेच चार ढीग कर. ज्या ओळीने काही वाचवलं नाही ती खोड, आणि नवी चूक निघाली तर तिच्यासाठी ओळ घाल. रचना अजूनही वीस मिनिटांच्या पुढे जात असेल तर तिला पाचव्या प्रश्नाच्या आधी, चौथ्यातल्या दुसऱ्या प्रश्नानंतर हलव. मग तिच्यासाठी बुडालेच तर पाचव्याचे तीनच गुण बुडतील.

शेवटची मिनिटं उरली की सगळा पेपर पुन्हा वाचत बसू नकोस. चार गोष्टी पाहा: बहुपर्यायीची चारही अक्षरं लिहिली आहेत का, महत्त्वमापनाच्या उत्तरात सेमी, चौसेमी की घसेमी ते बरोबर आहे का, आकृत्यांतल्या सगळ्या बिंदूंना नावं आहेत का, आणि पुरवणी घेतली असेल तर ती नीट बांधली आहे का. दोरा हॉलमध्येच मिळतो, पण गाठ तूच मारायची, दोनदा.